एकाच बकऱ्याचे दोन आकडे: चॉप ६३, खिमा ७१

प्रश्न: मॅडम, शनिवारी घरी दहाजण जेवायला आहेत. गच्चीवर कोळशावर मटणाच्या खिम्याचे सीख कबाब आणि चॉप करणार आहे. नवीन थर्मामीटर घेतलाय, त्याच्यासोबत आलेल्या तक्त्यात अख्ख्या मटणाला ६३ आणि खिम्याला ७१ अंश लिहिलंय. मटण एकाच बकऱ्याचं, एकाच खाटकाकडचं, मग आठ अंशांचा फरक का? आणि कबाब रसाळ राहावेत म्हणून तेही ६३लाच उतरवले तर खरंच काही बिघडतं का?

उत्तर: बिघडू शकतं. का, ते कळायला बकरा कापल्यावर त्याच्यावर जंतू नेमके कुठे असतात तिथून सुरुवात करावी लागेल.

निरोगी जनावराच्या स्नायूच्या आत जंतू जवळजवळ नसतात. ते असतात दोन ठिकाणी, आतड्यात आणि कातड्यावर. कातडं सोलताना केस मांसाला लागतात, कोथळा काढताना आतड्याला सुरी लागली तर आतलं बाहेर सांडतं. त्यानंतर हात, आकडा, लाकडी ठोकळा, सुरा, पुसायचं फडकं, या सगळ्यांचा स्पर्श होतो तो मांसाच्या बाहेरच्या बाजूला. दुकानात टांगलेली मांडी कितीही हाताळलेली असली तरी तिच्यावरची घाण तिच्या अंगावर असते, अंगात नसते.

आता चॉप निखाऱ्यावर टाकल्यावर काय होतं ते बघा. बाहेरचा थर सुकून तांबूस व्हायला लागतो तेव्हा तो पाण्याच्या उकळबिंदूच्या बराच वर गेलेला असतो. जंतू ज्या थरात आहेत तो थर काही सेकंदांतच त्यांच्यासाठी संपतो. चॉपच्या मधोमध तुमचा थर्मामीटर ६३ दाखवत असतो, पण जिथे खरं काम व्हायचं होतं तिथे ते केव्हाच झालेलं असतं. थोडक्यात, अख्ख्या तुकड्यात सगळ्यात गरम जागा आणि सगळ्यात घाण जागा एकच असते.

खिम्यात ही सोय संपते. एक साधा हिशेब करू. दहा सेंटिमीटर बाजूचा मटणाचा चौकोनी ठोकळा धरा, साधारण किलोभराचा. त्याची बाहेरची बाजू सहाशे चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा पाच मिलिमीटरच्या तुकड्यांत कापला तर आठ हजार तुकडे होतात आणि सगळ्यांची मिळून बाहेरची बाजू होते बारा हजार चौरस सेंटिमीटर, म्हणजे वीसपट. मशीनच्या बारीक चाळणीतून काढलेला खिमा याहूनही बारीक असतो. नवीन तयार झालेल्या या सगळ्या पृष्ठभागांवर आधीच्या सहाशे सेंटिमीटरवरचे जंतू रस आणि चरबीबरोबर फासले जातात. मग तुम्ही तो खिमा मळता, सळईवर थापता, आणि काल जे मांडीच्या बाहेर होतं ते आज कबाबच्या बरोबर मध्यभागी जाऊन बसतं. तिथे निखाऱ्याची आच सगळ्यात शेवटी पोचते. चॉपचं समीकरण इथे उलटं होतं, घाण जागा आणि सगळ्यात थंड जागा एकच.

आणखी एक गोष्ट तुमच्या प्रश्नातच दडलेली आहे. ‘एकाच बकऱ्याचं’ हे चॉपबद्दल खरं, खिम्याबद्दल सहसा नाही. खाटकाच्या मशीनच्या मळसूत्रात आणि चाळणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा मूठभर खिमा अडकलेला असतो, तो तुमच्या पिशवीत येतो. तो सकाळपासून त्या गरम लोखंडात बसलेला असू शकतो. शिवाय खिम्यात बरेचदा इकडची तिकडची छाट जाते, आणि छाट म्हणजे बाहेरची बाजूच. चरबीत लपलेल्या गाठीही खिम्यात दळल्या जातात. या लसिकाग्रंथींमध्ये कधीकधी साल्मोनेला हा जंतू असतो, म्हणून चांगला खाटीक मांडीतली गाठ काढून टाकतो. तुम्ही समोर उभं राहून खांद्याचं मटण निवडा, गाठी काढायला सांगा आणि मशीनमधून निघालेला पहिला मूठभर खिमा बाजूला ठेवायला सांगा. हॉटेलच्या भटारखान्यात आम्ही मटण धुवून, कोरडं करून खिमा तिथेच काढायचो तो याच कारणासाठी. पण धुण्याने जंतू कमी होतात असं समजू नका. ते ओट्यावर आणि सिंकमध्ये उडतात इतकंच, त्यामुळे धुवायचंच असेल तर नंतर सिंक घासायची तयारी ठेवा.

ही सगळी कागदावरची भीती आहे असं वाटत असेल तर १९९३ची अमेरिकेतली गोष्ट सांगते. जगभरच्या भटारखान्यांत खिम्याचा वेगळा आकडा रूढ झाला त्याला ती मोठं कारण आहे. त्या जानेवारीत वॉशिंग्टन राज्यात, सिएटल शहराच्या आसपास, लहान मुलं रक्ताचे जुलाब घेऊन दवाखान्यांत येऊ लागली. माग काढत गेल्यावर सगळी वाट जॅक इन द बॉक्स या साखळीच्या बर्गरपाशी येऊन थांबली. ७३ दुकानांतून सातशेहून जास्त माणसं आजारी पडली, चार मुलं दगावली. जंतू होता ई. कोलायचा ओ१५७ हा प्रकार. गाईगुरांच्या आतड्यात तो निवांत राहतो, जनावराला काही होत नाही, माणसाच्या पोटात मात्र तो विष तयार करतो आणि लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शंभराहून कमी जंतू पोटात गेले तरी पुरतात.

त्या वेळी अमेरिकेच्या केंद्राचा हॉटेलांसाठीचा नियम होता ६० अंशांचा, म्हणजे १४० फॅरनहाइट. वॉशिंग्टन राज्याने आपल्यापुरता तो वाढवून ६८ केला होता, १५५ फॅरनहाइट. साखळी मात्र जुन्या साठावर भाजत होती. फरक आठ अंशांचाच, बर्गर दिसायला शिजलेलाच. त्यानंतर केंद्राचा आकडाही वर गेला, आणि १९९४मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने कच्च्या खिम्यात ओ१५७ सापडला तर तो माल भेसळयुक्त समजून विकता येणार नाही असं ठरवलं. अख्ख्या स्टेकसाठी असं ठरवलं नाही. एकच जंतू, एकच जनावर, तरी कायद्याने दोन्ही मांसांना वेगळं वागवलं, कारण स्टेकवर तो जंतू तव्याच्या तोंडी लागतो आणि बर्गरमध्ये लपतो.

आपल्याकडे ते गोमांस आणि आपलं बकऱ्याचं, असं म्हणून सुटका नाही. हे विष तयार करणारे ई. कोलाय रवंथ करणाऱ्या सगळ्याच जनावरांत राहू शकतात. गाय, म्हैस, मेंढी, बकरी, सगळी त्यात आली.

आता ७१च का, ७० किंवा ६८ का नाही? जंतू एका ठरावीक अंशाला बटण दाबल्यासारखे मरत नाहीत. दिलेल्या तापमानाला ठरावीक वेळात त्यांच्यातले नव्वद टक्के मरतात, तेवढ्याच पुढच्या वेळात उरलेल्यांतले नव्वद टक्के, असं चालतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मांस कारखान्यांसाठीच्या कोष्टकात साल्मोनेला जवळपास सगळा संपवायला मांसाच्या आत ६० अंशांना १२ मिनिटं लागतात, ६३ला ४ मिनिटं, साडेपासष्टला मिनिटाच्या थोडं वर, आणि ७०ला पोचलं की वाट बघायची गरजच उरत नाही. पायरी लक्षात घ्या. दर तीनेक अंशांना लागणारा वेळ तिसऱ्या हिश्शावर येतो. म्हणून आठ अंश हा किरकोळ फरक वाटला तरी वेळेच्या भाषेत तो चार मिनिटं आणि क्षण यांच्यातला फरक आहे.

यातून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. कबाब ६३ला नेऊन त्याचा मधला भाग खरोखर चार मिनिटं ६३वर ठेवता आला तर जंतूंच्या दृष्टीने तो ७१च्या कबाबइतकाच होईल. हॉटेलांना असे पर्याय कायद्याने दिलेलेही आहेत. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमात मांसाहारी पदार्थाच्या गाभ्याला ६५ अंश १० मिनिटं, ७० अंश २ मिनिटं किंवा ७५ अंश १५ सेकंद असे तीन पर्याय दिले आहेत. ब्रिटनचा नियमही ७० अंश २ मिनिटं असा आहे. हे आकडे अमेरिकेपेक्षा कडक आहेत. ब्रिटनच्या नियमात तर साल्मोनेलाहून उष्णता जास्त सोसणारा लिस्टेरिया हिशेबात धरलाय.

पण निखाऱ्यावर कबाब ६३ला चार मिनिटं स्थिर धरून दाखवा बरं! एक तर तो चढत असतो नाहीतर उतरत असतो. उतरवून ताटात ठेवला की पंचाहत्तर ग्रॅमचा कबाब दोन मिनिटांत गार व्हायला लागतो. पाण्याच्या टाकीत पिशवी बुडवून अंश न अंश सांभाळणाऱ्या यंत्रात हे जमतं, गच्चीवर जमत नाही. घरगुती तक्त्यात ७१ लिहिण्यामागे हाच विचार आहे. घड्याळ लावायचं नाही, आकडा दिसला की झालं. ७०च्या वरचा तो एक अंश म्हणजे थर्मामीटरच्या आणि हाताच्या चुकीसाठी ठेवलेली जागा, आणि माझ्या मते ती फार मोठी नाही.

मग अख्ख्या चॉपला ६३ तरी कशाला, आत काही नसेल तर ५०ला का नको? कारण आत जवळजवळ काही नसतं, आणि ‘जवळजवळ’मध्ये काही पाहुणे राहतात. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या बारीक गाठी बकरी, मेंढी आणि डुकराच्या स्नायूच्या आतच असतात. डुकरात ट्रायकिनेला ही अळीही स्नायूत असू शकते. हे परजीवी जंतूंपेक्षा कमी उष्णतेला मरतात, त्यामुळे ६३ आणि त्यानंतरची तीन मिनिटं त्यांना पुरतात. त्या तीन मिनिटांकडे बहुतेकजण दुर्लक्ष करतात. तुमच्या तक्त्यात ६३च्या शेजारी बारीक अक्षरात ते लिहिलेलं असेलच. तीन मिनिटं म्हणजे चॉप आचेवरून काढून न कापता तसाच ठेवायचा. बाहेरची उष्णता आत शिरत राहते, मधला आकडा अजून दोन-तीन अंश चढतो आणि उरलेलं काम तिथे होतं. अमेरिकेत डुकराच्या अख्ख्या तुकड्याचाही आकडा पूर्वी ७१ होता, तो २०११मध्ये ६३ आणि तीन मिनिटं असा खाली आणला. डुकराच्या खिम्याचा मात्र ७१वरच ठेवला. हा निर्णय मला आवडतो, कारण फरक जनावराचा नसून खिम्याचा आहे हे त्यातून स्वच्छ दिसतं. पाहुण्यांत कोणी गरोदर असेल तर टोक्सोप्लाझ्मामुळे तिच्यासाठी चॉपही ७१पर्यंतच न्या, वाद घालू नका.

आता जिथे आपली माणसं खरी फसतात ती जागा. दिसायला अख्खं असलेलं मटण बरेचदा अख्खं राहिलेलं नसतं. मसाला आत मुरावा म्हणून आपण मांडीला खोल चिरा देतो, काट्याने टोचतो. प्रत्येक टोचणीबरोबर वरची घाण त्या भोकातून आत ढकलली जाते. परदेशात कारखान्यातच सुयांनी टोचून मऊ केलेलं मांस मिळतं आणि ते दिसायला साध्या स्टेकसारखंच असतं. कॅनडाने २०१४पासून आणि अमेरिकेने २०१६पासून अशा मांसावर तसं छापणं सक्तीचं केलं ते याचसाठी. टोरांटोकडचे किंवा न्यू जर्सीतले आपले लोक हे वाचत असतील तर पाकिटावर ‘mechanically tenderized’ हे शब्द शोधा. चिरा दिलेलं, टोचलेलं, गुंडाळी करून बांधलेलं, आत सारण भरलेलं, पिचकारीने मसाला घातलेलं मटण मी खिम्याच्या रांगेत बसवते. रुंद उघड्या चिरा असतील तर त्यात आच शिरते, तिथे थोडी सूट देता येईल, पण काट्याच्या बारीक भोकांना ती सूट नाही. तुमच्या चॉपना तुम्ही फक्त वरून मसाला चोळणार असाल तर ६३ चालेल. टोचणार असाल तर ७१.

कोंबडीत हा भेद नाहीच, अख्खी असो वा खिमा, ७४ अंश. कलेजीलाही ‘बाहेरची बाजू’ हा नियम लावू नका, कोंबडीच्या कलेजीत कॅम्पायलोबॅक्टर आतपर्यंत सापडतो.

तुम्ही म्हणाल, आमच्या आजीने आयुष्यभर खिमा केला, थर्मामीटर कधी पाहिला नाही. बरोबर आहे, तिला गरज नव्हती. खिमा-पावाचा खिमा मोकळा असतो, कढईत परतून मग पाणी घालून वीस मिनिटं रटरटतो. मोकळ्या खिम्याला ‘मध्यभाग’ असा नसतोच, प्रत्येक कण नव्वदच्या वर जातो. कुकरमधलं मटण शंभराच्याही पुढे. रश्शात सोडलेले कोफ्ते लहान असतील आणि झाकणाखाली पंधरा मिनिटं उकळले असतील तर त्यांचंही तेच. शामी कबाबची रीत बघा, त्यात खिमा आधी चण्याच्या डाळीबरोबर पूर्ण शिजवतात, मग वाटतात, मग थापून तळतात. तळताना तो फक्त रंगतो, शिजलेला आधीच असतो. शामी आणि सीख ताटात शेजारी दिसले तरी या हिशेबात त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. धोका आहे तो कच्चा खिमा थापून, आकार देऊन, कोरड्या आचेवर केलेल्या पदार्थांत: सीख कबाब, कच्च्या खिम्याचं कटलेट, बर्गरची टिक्की. तुम्हाला आतून गुलाबी बर्गर आवडत असतील तर ती आवड स्टेकसाठी राखून ठेवा.

आता मोजण्याकडे येऊ, कारण आकडा माहीत असूनही चुकीचा वाचला तर उपयोग नाही. गेल्या हिवाळ्यात एका शिकवणीवर्गात आम्ही मुद्दाम मोजत मोजत कबाब केले होते, ते तसंच सांगते. नऊशे ग्रॅम खांद्याचा खिमा, चरबी साधारण पाचवा हिस्सा, पिळून घेतलेला कांदा, आलं-लसूण, थोडी कच्ची पपई. पंचाहत्तर ग्रॅमचा एक असे बारा कबाब, जाडी तीन सेंटिमीटर, फ्रिजमधून काढले तेव्हा आत ४ अंश. निखाऱ्यावर पाच मिनिटं झाली तेव्हा बाहेरून कबाब फोटो काढण्यासारखा झाला होता, वास सुटला होता, आणि आत होते ५२ अंश. सात मिनिटांना ६१. त्या वेळी मी एक कबाब मोडून सगळ्यांना दाखवला. आत गुलाबी रंगाचा मागमूस नव्हता, तपकिरी आणि मऊ. वर्गातल्या बहुतेकांनी हात वर करून सांगितलं, झालाय. नऊ मिनिटांना ६७ आणि दहाव्याला ७१.

म्हणजे डोळ्याने ठरवलं असतं तर तीन मिनिटं आधी उतरवला असता. हे असं का होतं? मांसाचा लाल रंग देणारं प्रथिन हवेत थोडा वेळ राहिलं की कच्चं असतानाच तपकिरी व्हायला लागतं, आणि तसं झालेलं मांस पंचावन्नच्या आसपासच शिजल्यासारखं दिसतं. खिम्यात हवा भरपूर शिरते, त्यामुळे त्याला हे जास्त लागू. कॅन्सस स्टेट विद्यापीठात १९९०च्या दशकात यावर बरंच काम झालं, आणि चारातला एक बर्गर सुरक्षित आकड्याला पोचण्याआधीच तपकिरी दिसतो असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. उलटही होतं. कांद्यातल्या नायट्रेटमुळे पूर्ण शिजलेला खिमा गुलाबीच राहू शकतो, मग माणूस घाबरून त्याचा कोळसा करतो. मऊपणावरही जाऊ नका, पपई घातलेला कबाब कच्चाही मऊच लागतो. पपई, लिंबू, दही, तिखट यांनी जंतू मरतात ही समजूत तर पार सोडून द्या. खिमा फ्रीझरमध्ये ठेवल्यानेही ते मरत नाहीत, फक्त थांबतात.

थर्मामीटर टोकाशी मोजणारा डिजिटलच हवा. काट्याच्या गोल डायलचे जे असतात त्यांचा संवेदी भाग पाचेक सेंटिमीटर लांब असतो, तो तीन सेंटिमीटरच्या कबाबमध्ये आडवा घालायलाही अवघड. आधी ग्लासभर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून ढवळून त्यात टोक बुडवा, शून्य दाखवायला हवं. उकळत्या पाण्यावर तपासणार असाल तर पुण्यात ९८ला पाणी उकळतं हे लक्षात ठेवा, नाहीतर चांगल्या यंत्राला नावं ठेवाल.

कबाबमध्ये सुई वरून उभी खुपसू नका, टोकाकडून लांबीच्या दिशेने घाला, म्हणजे ती मधल्या खिम्यात राहते. सळईला टेकली तर सळईचं तापमान दिसेल. सुई गाभ्याच्या थोडी पुढे नेऊन हळूहळू मागे ओढा आणि वाटेत दिसलेला सगळ्यात कमी आकडा खरा माना. एका कबाबवर विश्वास ठेवू नका, निखाऱ्याच्या कडेचा सगळ्यात जाड कबाब मोजा. तो ७१ला असेल तर बाकीचे असतातच. आणि कबाब ५२ला असताना खुपसलेली सुई न पुसता पुन्हा ७१च्या कबाबमध्ये घालू नका.

रसाळपणाची तुमची काळजी मला समजते, पण ती चुकीच्या आकड्यावर आहे. घरोघरचे कबाब कोरडे होतात ते ७१मुळे नाही, ८५ला उतरवल्यामुळे. मोजत नाही म्हणून भीतीपोटी आणखी पाच मिनिटं ठेवतो आणि तिथे सगळा रस गळतो. ६३ आणि ७१च्या कबाबात फरक आहे, नाही म्हणत नाही, पण तो चरबीने भरून निघतो. पाचवा हिस्सा चरबी असलेला खिमा घ्या, निव्वळ लाल खिमा घेतलात तर ६३लाही तो भुश्शासारखाच लागेल. मीठ घालून चांगला मळा, चिकट व्हायला हवा, म्हणजे पाणी धरून ठेवतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. भाजताना चिमट्याने दाबू नका. ६९ दिसलं की निखाऱ्याच्या कडेला सरकवा, शेवटचे दोन अंश मंद आचेवर चढू द्या. ७१ प्रत्यक्ष दिसल्यावरच उतरवा. एवढ्या छोट्या पदार्थात उतरवल्यावर तापमान फारसं चढत नाही, चॉपसारखा भरवसा इथे ठेवता येत नाही.

एक मर्यादा सांगते. ७१ अंश जिवंत जंतू मारतात, पण दुपारभर ओट्यावर राहिलेल्या खिम्यात स्टॅफिलोकोकसने विष करून ठेवलं असेल तर ते विष उकळूनही जात नाही. खिम्याला एवढी बाहेरची बाजू असते की तो अख्ख्या मटणापेक्षा लवकर बिघडतो. शनिवारी सकाळी आणा, दुकानातून घरी येईपर्यंत गार पिशवीत ठेवा, लगेच फ्रिजमध्ये टाका आणि त्याच दिवशी संपवा.

गच्चीवर आधी चॉप करा, मग कबाब. चॉप तीन मिनिटं निवांत बसलेले असताना निखारे कबाबसाठी थोडे मंद होतात, आणि तेच बरं पडतं, कारण धगधगीत आचेवर कबाब बाहेरून करपतात आणि आत पन्नाशीतच राहतात. कच्च्या सळया ज्या ताटात रचून वर नेल्या तेच ताट शिजलेल्या कबाबला वापरू नका. दुसरं ताट आणि दुसरा चिमटा आधीच गच्चीवर नेऊन ठेवा, कारण पाहुणे जमल्यावर खाली जाऊन आणायला कुणी उठत नाही.